रात्रीच्या संतापाचं पान शांतपणे पुन्हा लिहिताना

प्रश्न: “गेल्या आठवड्यात रात्री एकच्या सुमाराला ऑफिसमधल्या साहेबांबद्दल वहीत तीन पानं लिहिली. मीटिंगमध्ये माझं काम त्यांनी स्वतःचं म्हणून मांडलं होतं. सकाळी वाचलं तर लाज वाटली, इतकं वाट्टेल ते लिहिलेलं. म्हणून शांतपणे पुन्हा लिहायला बसलो, तर ते शाळेतल्या निबंधासारखं झालं. सगळं समजूतदार आणि सगळं खोटं. शांतही असेल आणि खरंही राहील असं लिहिता येतं का? आणि ती तीन पानं फाडून टाकू का?”

मी समुपदेशक आहे. विलेपार्ल्यात दर शनिवारी आमचा एक छोटा गट रोजनिशी लिहायला जमतो आणि तुमचा हा प्रश्न तिथे वेगवेगळ्या तोंडांनी सतत येतो. फाडण्याबद्दल शेवटी लिहिते, तोवर पानं राहू द्या.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. रात्रीचं लिखाण भडक होतं म्हणून तुम्ही सकाळी त्यातला राग कमी केला. माझ्या मते चूक तिथेच होते. रात्रीच्या पानात राग जास्त नसतो, घटना कमी असतात. तीन पानांत प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींची वाक्यं मोजली तर जेमतेम पाच-सहा निघतात. बाकी सगळे निकाल असतात: तो तसलाच आहे, हे नेहमीचंच आहे, मला इथे काही किंमत नाही. सकाळी आपण काय करतो? घटना आहेत तेवढ्याच ठेवतो आणि जुने कडक निकाल खोडून त्या जागी मऊ निकाल लिहितो: त्यांच्यावरही दबाव असेल, आपणही थोडं सांभाळून घ्यायला हवं. हेही निकालच, आणि तेही पुराव्याशिवाय दिलेले. फरक इतकाच की रात्रीच्या निकालांवर तुमचा विश्वास तरी होता. सकाळचे निकाल चारचौघांत शोभतील असे आहेत, म्हणून वाचताना ते निबंधासारखे लागतात.

त्यामुळे रागाला हात न लावता पानात घटना भरायच्या, हा माझ्या पद्धतीचा गाभा आहे. घटना पुरेशा आल्या की आवाज आपोआप खाली येतो, कारण ओरडून पटवायची गरज उरत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या जड प्रसंगांबद्दल लिहायला लावलं. काहींना फक्त काय घडलं ते लिहायचं होतं, काहींना फक्त काय वाटलं ते, आणि काहींना दोन्ही. पुढच्या काही महिन्यांत तब्येतीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात जाणं कमी झालं ते मुख्यतः दोन्ही लिहिणाऱ्यांचं. लिहून उठल्याबरोबर मात्र ते आणखी उदास झाले होते, हेही त्यात आहे. नंतर पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लिखाणातले शब्द तपासले, तेव्हा दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘लक्षात आलं’ अशा जातीचे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. उलट बाजूही तपासली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं, तर लोकांचा राग निवळला नाही, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्तच राहिला. मनात तीच तीच वाक्यं घोळवत तिसऱ्यांदा तोच संताप लिहिण्याचं तसंच होतं.

आता एक पान उघडून दाखवते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. आमच्या गटातल्या एका बाईंचं आहे. त्यांच्या परवानगीने देते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चव्वेचाळीस, मुलुंडला आईवडिलांच्या जवळच राहतात, नोकरी लोअर परळला, भाऊ पुण्याला. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या रात्रीचं हे पान:

“रात्री १२.४०. झोप येत नाही. दादा नेहमीसारखा गायब. बाबांचं ऑपरेशन आणि या माणसाला पुण्याहून यायला वेळ नाही. ‘कळव काय झालं ते.’ कळव! मी काय याची सेक्रेटरी आहे? आयुष्यभर हेच केलंय त्याने. आईबाबांना तो म्हणजे देव आणि मी बिनपगारी नोकर. सकाळी सहापासून मी तिथे, आणि बाबा बाहेर आल्यावर पहिला प्रश्न काय, दादाला फोन केलास का. माझं कुणालाच काही पडलेलं नाही. उद्यापासून मी पण फोन उचलणार नाही. मग कळेल सगळ्यांना.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हे लिहिलं:

“काल बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं. दादाला कामामुळे येता आलं नाही याचं थोडं वाईट वाटलं, पण त्याच्याही अडचणी असतील. शेवटी आपण आपलं कर्तव्य करत राहायचं. आईवडिलांची सेवा करायला मिळणं हेही भाग्यच. असो.”

दोन्ही पानं शेजारी ठेवली तर सकाळच्या पानातून काय काय गेलं ते दिसतं. भावाचा मेसेज गेला, वडिलांचा प्रश्न गेला, सहा वाजताची वेळ गेली. म्हणजे आधीच थोड्या असलेल्या घटना होत्या त्याही गेल्या. वर दुसऱ्या वाक्यानंतर ‘मी’ दिसेनाशी झाली आणि ‘आपण’ आलं. स्वतःच्या लिखाणात हे खास तपासा. दुखतं तिथे मराठी माणूस ‘मी’ सोडून ‘आपण’वर किंवा ‘माणसाने’वर जातो आणि जिथे आणखी बोलायला हवं नेमकं तिथे ‘असो’ लिहून मोकळा होतो. तुमच्या निबंधात कुठे ‘असो’ असेल, तर त्याच्या आधीच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करा.

या बाईंनी त्याच आठवड्यात तेच पान पुन्हा लिहिलं. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने सांगते.

पहिली गोष्ट अंतराची. ज्या रात्री लिहिलं त्या रात्री पुन्हा लिहायचं नाही, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. सकाळी लाजेचा भर असतो आणि लाजेत माणूस झाकाझाक करतो. एक-दोन रात्री जाऊ द्या. फार लांबवूही नका. आठवडाभरात लिहिलं नाही तर कोण काय बोललं ते पुसट होतं आणि मोकळ्या जागा आपण आपल्याला सोयीच्या गोष्टीने भरतो. दोन दिवसांनी वाचतानाही छातीत धडधडलं, तर वही मिटा आणि आणखी दोन दिवस थांबा. तुमची पानं गेल्या आठवड्यातली आहेत, म्हणजे आता योग्य वेळ आहे.

मग पेन्सिल घ्या. संताप पुन्हा जगण्यासाठी वाचायचं नाही, निवडायला बसल्यासारखं वाचायचं. खोलीत कॅमेरा असता तर जे दिसलं किंवा ऐकू आलं असतं तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मारा. वरच्या पानात अशा रेघा चारच पडल्या: दादा आला नाही, त्याचा मेसेज, सकाळी सहापासून मी तिथे, बाबांचा प्रश्न. ‘गायब’खाली रेघ नाही, ‘वेळ नाही’खाली नाही, ‘देव’ आणि ‘नोकर’ यांच्याखाली तर नाहीच. ही वाक्यं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ती घटना नाहीत, एवढंच.

पुढचं पाऊल सगळ्यांत अवघड आहे आणि प्रामाणिकपणा इथेच ठरतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवते. रेघा मारलेल्या वाक्यांच्या मध्ये काय राहिलं आहे ते शोधायचं, आणि सर्वांत आधी स्वतः काय बोललो ते. संतापाच्या पानात समोरच्याचं बोलणं शब्दशः असतं, आपलं स्वतःचं जवळजवळ कधीच नसतं. तुमची तीन पानं काढून बघा. साहेब काय म्हणाले ते असेल. तुम्ही त्या मीटिंगमध्ये काय म्हणालात? गप्प राहिलात का? मीटिंगच्या आधी ती फाइल त्यांना पाठवताना मेलमध्ये काय लिहिलं होतं?

त्या बाईंना मी विचारलं, “भावाला ‘ये’ असं कधी सांगितलं होतं?” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याने रविवारी फोनवर विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी म्हटलं, नको, तुझी उगाच धावपळ, मी आहे ना.” आणि लगेच, “पण त्याला कळायला नको का?”

इथे बरेच जण घसरतात. ही आठवण निघाली की वाटतं, म्हणजे चूक माझीच, उगाच चिडले. मग पान उलट्या बाजूला कलंडतं आणि स्वतःला झोडपायला सुरुवात होते. तेही खोटंच. ‘नको’ म्हणाले, हे घडलं. म्हणताना तो यावा असं वाटत होतं, हेही खरं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, हे घडलं. ही तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायची आणि मध्ये ‘पण’ घालायचा नाही. ‘पण’ घातला की एक वाक्य दुसऱ्याला खोडायला लागतं. अशा लिखाणात निदान पहिल्या खर्ड्यात तरी मी ‘पण’ बंदच ठेवायला सांगते.

‘त्याचीही बाजू असेल’ हे वाक्य मी याच कारणाने काढायला लावते. त्याची बाजू तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असेल तेवढी घटना म्हणून लिहा: रविवारी त्याने विचारलं होतं. तेवढ्यावर थांबा. समोरच्याला न्याय द्यायला हे पुरतं, आणि तुम्ही पाहिलेल्यापलीकडचं काही रचावं लागत नाही.

आता निकालांकडे या. रेघ न मारलेलं एकेक वाक्य घ्या आणि विचारा, कशावरून? ‘आयुष्यभर हेच केलंय त्याने.’ कशावरून? बाईंनी मागे जाऊन पाहिलं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी भाऊ रजा टाकून आठ दिवस येऊन राहिला होता. म्हणजे ‘आयुष्यभर’ टिकत नाही. मात्र गेल्या तीन वर्षांत वडिलांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या आठवल्या, तर त्यातल्या बहुतेक बाईंनी केल्या होत्या, ऑफिसमधून निघून, दादरला गाडी बदलून. त्यांनी ‘आयुष्यभर’चं वाक्य काढून हे फेऱ्यांचं वाक्य लिहिलं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. दुसरं शांत आहे आणि भावासाठी कितीतरी जड आहे. पहिल्या वाक्याला तो हसून ‘काहीही काय’ म्हणू शकतो, दुसऱ्याला काय उत्तर देणार? शांत करणं म्हणजे सौम्य करणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण दाखवते. नेमकं लिहिलं की कधी वाक्य नरमतं, कधी आधीपेक्षा धारदार होतं, आणि कुठलं काय होईल ते आधी सांगता येत नाही.

‘कशावरून’ला उत्तरच मिळत नाही असेही निकाल असतात. ‘माझं कुणालाच काही पडलेलं नाही’ याला पुरावा सापडला नाही. तरी ते खोडायचं नाही, कारण रात्री पावणेएकला ते मनात आलं होतं ही घटनाच आहे. ते तसंच नोंदवायचं: त्या रात्री मला वाटलं की माझं कुणालाच काही पडलेलं नाही.

मग भावनेचा शब्द. ‘राग आला’ हे बहुतेक वेळा खरं असतं आणि अपुरं असतं. प्रत्येक घटनेपुढे त्या क्षणी काय वाटलं ते वेगळं लिहून पाहा, दिवसाचं एकच एक नाव देऊ नका. इथे एक गोष्ट सांभाळायची. ‘गृहीत धरलं’, ‘डावललं’, ‘वापरून घेतलं’ या भावना वाटतात, प्रत्यक्षात ते समोरच्याच्या वागण्याबद्दलचे निकाल आहेत. डावललं गेल्यावर आत काय झालं? कुणी खजील होतं, कुणी घाबरतं, कुणाला हेवा वाटतो, कुणी नुसतं दमून जातं. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची कमी नाही: चीड, खंत, धास्ती, ओशाळणं, हिरमुसणं, कानकोंडं होणं. योग्य शब्द सापडला की बहुतेकांना तो लगेच कळतो, कारण तो लिहायला नको वाटतो. बाईंना मेसेज वाचून चीड आली होती. वडिलांच्या प्रश्नाच्या वेळी मात्र चीड नव्हती, हे त्यांना लिहिताना दिसलं. तिथे हेवा होता. सगळं पान भावावर होतं, आणि जास्त दुखलं होतं ते वडिलांच्या चार शब्दांनी.

एवढी तयारी झाली की जुनं पान बाजूला ठेवून नवं पान लिहा. दुरुस्त्या करत बसू नका, कारण खाडाखोड करताना जुन्या वाक्यांची चाल हाताला लागते. सुरुवात निकालाने न करता प्रसंगाने करा: दिवस, ठिकाण, कोण कुठे होतं. रात्रीच्या पानातलं सर्वांत तापलेलं एक वाक्य निवडा आणि ते अवतरणात जसंच्या तसं नव्या पानात आणा. हे मी आग्रहाने सांगते. त्या वाक्यामुळे रात्रीच्या माणसाचा आवाज पानात राहतो, आणि बाकीचं लिखाण खोटं गोड होऊ लागलं तर त्याच्या शेजारी ते उघडं पडतं.

अडकलात तर पहिला परिच्छेद स्वतःबद्दल ‘तो’ म्हणून लिहून पाहा: “तो मीटिंगमध्ये दुसऱ्या रांगेत बसला होता. तिसऱ्या स्लाइडला त्याला आपला तक्ता दिसला.” मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलं आहे की स्वतःकडे असं बाहेरून, नावाने किंवा तृतीयपुरुषात पाहिलं की माणूस प्रसंगात कमी गुरफटतो. माझ्या गटात याचा उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. काहींचं लिखाण त्याने कथेसारखं सजायला लागतं. म्हणून खर्डा ‘तो’ने केलात तरी शेवटचं पान ‘मी’नेच लिहा.

बाईंचं शेवटचं पान हे:

“मंगळवारी बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी सहाला आम्ही रिक्षाने हॉस्पिटलला पोचलो. दादा आला नाही. रविवारी त्याने फोनवर विचारलं होतं, ‘येऊ का?’ मी म्हणाले, ‘नको, तुझी उगाच धावपळ. मी आहे ना.’ म्हणताना मला तो यायला हवा होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. अकराला मेसेज आला, ‘कळव काय झालं ते’. त्यावर मी रात्री लिहिलं, ‘मी काय याची सेक्रेटरी आहे?’ ती चीड अजून आहे. बाबा डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आले तेव्हा मी त्यांचा चष्मा हातात धरून उभी होते. त्यांनी विचारलं, ‘दादाला फोन केलास का?’ मी ‘हो’ म्हटलं. केला नव्हता. तेव्हा मला हेवा वाटला. या वयात भावाचा हेवा वाटतो हे लिहायला बरं वाटत नाही. गेल्या तीन वर्षांत बाबांच्या डॉक्टरांकडच्या बहुतेक फेऱ्या मी केल्या आहेत. त्यातल्या किती मी आपणहून अंगावर घेतल्या आणि किती त्याने टाळल्या, हे मला नीट सांगता येत नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तेव्हा ‘येऊ का’ला ‘ये’ म्हणायचं.”

यात माफ केल्याचं कुठे नाही. शिकवण नाही. एक गोष्ट ‘सांगता येत नाही’ म्हणून उघडी सोडली आहे, आणि ‘हो म्हटलं, केला नव्हता’ हे रात्रीच्या पानात नव्हतं. चष्माही नव्हता. प्रसंग हळू लिहिला की असे तपशील वर येतात, आणि ते आले म्हणजे लिखाण योग्य वाटेवर आहे असं मी समजते. शेवटचं वाक्य निर्णयाचं आहे, तसं प्रत्येक पानात यावंच असं नाही. येत नसेल तर ओढून आणू नका.

पान जमलं की नाही ते पाहायला मी ते मोठ्याने वाचायला सांगते. घरात सोय नसेल तर ओठांतल्या ओठांत. रात्रीचा तुम्ही ते ऐकून ‘हो, हेच झालं होतं’ म्हणेल का? आणि निदान एका वाक्याशी जीभ अडखळते का? कुठेच अडखळली नाही तर काहीतरी झाकलेलं आहे. दुसरीकडे, वाचताना जबडा आवळला जात असेल, तर निकाल अजून घटनांपेक्षा जास्त आहेत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुंबईत वही ठेवायला कुलूपबंद कप्पा असणारे थोडेच. कुणीतरी वाचेल ही धास्ती असेल तर माणूस रात्रीसुद्धा खरं लिहीत नाही, आणि मग पुढचं सगळं वाया जातं. वही ऑफिसच्या बॅगेत ठेवा, किंवा मोबाइलवर पासवर्ड लावलेल्या नोंदीत लिहा. चॅटमध्ये मात्र लिहू नका, चुकून पाठवलं जातं. दुसरं म्हणजे रात्रीच्या लिखाणाला वेळेची हद्द घाला. पंधरा-वीस मिनिटं झाली की थांबा, तारीख आणि वेळ टाका, त्या दिवशी काय खाल्लं आणि आदल्या रात्री किती झोप झाली ते एका ओळीत लिहा. पुन्हा लिहिताना त्या ओळीतून बरंच उलगडतं. उजव्या पानावरच लिहून डावं कोरं सोडलंत तर नंतर ‘कशावरून’ची उत्तरं तिथे लिहिता येतात.

एकच प्रसंग तिसऱ्यांदा लिहिलात आणि तरी पान तेच निघालं, तर लिहिणं थांबवा आणि कुणाशी तरी बोला. मार, धमक्या किंवा लैंगिक छळ याबद्दलची पानं असतील तर ती शांत करायच्या भानगडीतच पडू नका. तिथे संताप अगदी जागेवर असतो आणि गरज मदतीची असते. जगणंच नको असं लिखाणात येऊ लागलं, तर पुनर्लेखनाची वाट न पाहता १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या पानांपुरतं सांगायचं तर, लिहायला बसण्याआधी त्या मीटिंगबद्दल तीन गोष्टी आठवून कागदावर उतरवा. ते काम तुमचं आहे हे त्या खोलीत आणखी कुणाला ठाऊक होतं? साहेबांनी मांडताना नेमके शब्द काय वापरले, ‘मी केलं’ की ‘आपण केलं’? आणि मीटिंग संपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा तो शब्द सापडेल, जो रागाच्या खाली आहे.

आणि पानं फाडू नका, निदान सध्या तरी. एक तर पुन्हा लिहिताना तापलेलं वाक्य जसंच्या तसं घ्यायला ती समोर लागतात. दुसरं, हा ऑफिसचा मामला आहे. पुढे साहेबांशी किंवा एचआरशी बोलायची वेळ आली तर त्याच रात्री तारीख टाकून लिहिलेली नोंद तुम्हाला कोण कधी काय बोललं ते आठवून देईल. ती पानं कुणाला दाखवायची नाहीत, त्यातून तारखा आणि शब्द तेवढे उचलायचे. दोन्ही लिखाणं एकत्र पिन करून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी काढून वाचा. तेव्हाही रात्रीची पानं नकोशी वाटली तर खुशाल फाडा, नवं पान मात्र राहू द्या.